स्लीव्ह की बायपास? आधी अन्ननलिका बघा

«डॉक्टर, नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावात राहते. वय ४३, उंची पाच फूट दीड इंच, वजन १०८ किलो. चार वर्षांपासून शुगर आहे. छातीत जळजळ सहा-सात वर्षांपासून. रोज सकाळी पॅन्टोप्रॅझोल घेते, तरी रात्री आडवं झालं की आंबट पाणी घशापर्यंत येतं, म्हणून दोन उशा घेऊन झोपते. गुडघे दुखतात, त्यासाठी गावातल्या डॉक्टरांकडून आठवड्यात तीन-चार वेळा गोळी आणते. मशेरीची सवय आहे, तेही लिहिते. नाशिकच्या सर्जननी वजनासाठी स्लीव्ह सांगितलं, ‘लहान ऑपरेशन आहे’ म्हणाले. सुरतच्या सर्जननी बायपास सांगितलं. नणंदेच्या मुलीनं स्लीव्ह केलंय, ती खूश आहे. घरचे म्हणतात बायपासमध्ये आतडी कापतात, ते नको. कोणतं करू? आणि ही जळजळ जाईल का?»

ताई, नमस्कार.

माझं मत आधी सांगून टाकतो, कारणं मागाहून. आम्ल वर येऊन तुमच्या अन्ननलिकेला जखमा झाल्या असाव्यात अशी मला शंका आहे. दुर्बिणीच्या तपासणीत ती खरी निघाली, तर स्लीव्ह करू नका. बायपास करा, आणि तोही ‘रू-एन-वाय’ प्रकारचाच. पण दुखण्याच्या गोळ्या आणि मशेरी सुटणार नसतील, तर बायपासची तारीख घेऊ नका.

तुम्ही सगळं मोकळेपणानं लिहिलंत, मशेरीसुद्धा. एकच गोष्ट पत्रात सापडली नाही: दोघांपैकी कुणी तुमची अन्ननलिका दुर्बिणीतून पाहिली का? पाहिली नसेल, तर दोघांचाही सल्ला वजनकाटा बघून दिलेला आहे, अन्ननलिका बघून नाही.

जठराच्या वरच्या डाव्या बाजूला एक फुगीर भाग असतो, त्याला फंडस म्हणतात. जेवण आलं की तो सैल पडून जागा करून देतो, त्यामुळे आतला दाब फारसा वाढत नाही. अन्ननलिका जठराला तिरकी येऊन मिळते. त्यामुळे फंडस भरला की तो बाजूनं अन्ननलिकेच्या टोकावर टेकतो आणि झडपेसारखं काम करतो. स्लीव्हमध्ये नेमका हाच फंडस जातो. आत साधारण १२-१३ मिलिमीटर जाडीची नळी ठेवतात, तिच्या कडेकडेनं स्टेपलर चालवतात आणि जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून बाहेर काढतात. उरतं ते केळ्याच्या आकाराचं अरुंद जठर. (सगळेच सर्जन केळ्याची उपमा देतात. रावेर-यावलच्या पेशंटला ती दोनदा सांगावी लागत नाही.)

या नळीला फुगता येत नाही. खालच्या टोकाचा स्नायूंचा दरवाजा, म्हणजे पायलोरस, मात्र पहिल्यासारखाच राहतो आणि आपल्या वेळेनंच उघडतो. तुमच्याकडे ठिबक असेल तर हे लगेच कळेल. लॅटरलच्या शेवटी एंड कॅप घट्ट बसवलेली आहे, मोटर चालू आहे, आणि वरचा जोड ढिला आहे. पाणी कुठून उडेल? वरूनच. स्लीव्हमध्ये तो वरचा जोड म्हणजे अन्ननलिकेची झडप. फंडससोबत तिचा तिरका कोन गेलेला असतो, आणि कापणी अगदी कडेला गेली तर झडपेला धरून ठेवणारे काही स्नायूही जातात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. वजन उतरलं की पोटातली चरबी कमी होते, जठरावरचा बाहेरचा दाब उतरतो, आणि त्यानं काहींची जळजळ स्लीव्हनंतरही कमी होते. म्हणजे स्लीव्हमध्ये रस्सीखेच चालते. उतरलेलं वजन एका बाजूला ओढतं, अरुंद नळी दुसऱ्या बाजूला. आधीच झडप ढिली असेल, तर बहुतेक वेळा नळी जिंकते.

हे मी शिकलो ते माझ्याच एका चुकीतून. बरीच वर्षं झाली. सावद्याकडचे एक केळीचे व्यापारी आले होते, वय ४६, वजन १२६ किलो. समोर बसल्याबसल्या त्यांनी सांगितलं होतं, “डॉक्टर, रातले छातीमा आग पडस.” मी हसून म्हणालो, शेवभाजी कमी करा. त्या वेळी मी प्रत्येकाची दुर्बीण करत नव्हतो. स्लीव्ह ठरलं, सुरळीत पार पडलं, तिसऱ्या दिवशी ते घरी गेले. दीड वर्षात वजन ८९ किलो. सगळे खूश, मीही. मग एक दिवस त्यांची बायको एकटीच आली आणि म्हणाली, ते चार महिन्यांपासून पलंगावर झोपत नाहीत, खुर्चीत बसून झोपतात. रात्रीचा खोकला थांबत नव्हता, म्हणून दम्याचे पंप सुरू झाले होते. खोकल्याचं मूळ छातीत नव्हतंच. आम्ल वर चढून घशात उतरत होतं.

मग दुर्बीण केली. अन्ननलिकेच्या खालच्या भागात एकमेकांना भिडलेल्या लांब जखमा होत्या, आमच्या भाषेत एलए ग्रेड सी. स्लीव्हचा वरचा तीन सेंटिमीटर भाग पडदा ओलांडून छातीत सरकला होता. पडदा म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू. नळी मध्येच अडकली तर नाही ना, हे बघायला औषध पाजून एक्स-रे काढला, तो ठीक निघाला. गोळी दिवसातून दोनदा केली, चार महिने वाट पाहिली, फरक थोडाच. शेवटी पडद्याचं भोक शिवून स्लीव्हचं रू-एन-वाय बायपासमध्ये रूपांतर केलं. तिसऱ्या आठवड्यात ते पलंगावर आडवे झोपले. सहा महिन्यांनी दुर्बिणीत जखमा भरलेल्या दिसल्या. जठर असं पडद्यातून वर सरकण्याला हर्निया म्हणतात. तो त्यांना पहिल्या ऑपरेशनआधीच होता का, हे मला आजही सांगता येत नाही, कारण मी पाहिलंच नव्हतं. एका माणसाला दोनदा भूल द्यावी लागली, ती त्यामुळे.

एका पेशंटवरून नियम बनत नाही, म्हणून मोठ्या अभ्यासांकडे बघू. स्वित्झर्लंडमध्ये एसएम-बॉस नावाचा अभ्यास झाला. २१७ जणांना चिठ्ठ्या टाकून वाटावं तसं दोन गटांत विभागलं, एका गटाला स्लीव्ह, दुसऱ्याला बायपास. पाच वर्षांनी, ज्यांना आधीपासून रिफ्लक्स, म्हणजे आम्ल वर येण्याचा त्रास, होता त्यांच्यात बायपासनंतर सुमारे ६० टक्के लोकांचा त्रास पूर्ण गेला होता, स्लीव्हनंतर २५ टक्के लोकांचा. आणि त्रास उलट वाढला तो स्लीव्हनंतर सुमारे ३२ टक्क्यांचा, बायपासनंतर ६ टक्क्यांचा. फिनलंडच्या स्लीव्हपास या अभ्यासात दहा वर्षांनी दुर्बीण केली, तेव्हा अन्ननलिकेला सूज-जखमा स्लीव्हच्या ३१ टक्के लोकांत आणि बायपासच्या ७ टक्के लोकांत सापडल्या. वजन दोन्हीत चांगलं उतरलं, बायपास थोडा पुढे.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचा. बायपासनंतरही सगळ्यांची जळजळ समूळ जात नाही, म्हणून ‘शंभर टक्के जाईल’ असं कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आणि स्लीव्ह करून सुखी असलेलेही खूप आहेत, तुमच्या नणंदेची मुलगी त्यांच्यातलीच. तिला आधी जळजळ नसावी असा माझा अंदाज आहे. तिला माझा निरोप द्या, त्रास नसला तरी एकदा दुर्बीण करून घे म्हणावं. स्लीव्हनंतर काहींच्या अन्ननलिकेला काही जाणवत नसतानाही जखमा होत असतात, त्यामुळे तक्रार नसली तरी ठरावीक वर्षांनी आत बघावं लागतं.

आता बायपास. त्याचा हृदयाशी काही संबंध नाही, तरी दवाखान्यात नाव घेतलं की बरोबर आलेल्यांपैकी एकाचा तरी हात छातीवर जातोच. यात जठराच्या अगदी वरच्या टोकाला, अन्ननलिकेला लागून, दोन मोठे चमचे पाणी मावेल एवढी छोटी पिशवी वेगळी करतात. छोट्या आतड्याचा एक पदर खालून वर आणून या पिशवीला जोडतात. बाकीचं जठर पोटातच राहतं. त्यातलं आम्ल आणि यकृताकडून येणारं पित्त आतड्यात आणखी खाली, अन्नाच्या वाटेवर एक ते दीड मीटर पुढे जाऊन मिसळतं. वरच्या छोट्या पिशवीत आम्ल तयार करणाऱ्या पेशी फार थोड्या असतात, आणि तिच्या तोंडाशी बंद दरवाजा नसल्यानं दाबही साठत नाही. वर उसळायला ना आम्ल उरतं, ना पित्त, ना जोर. जळजळीवरचा खरा इलाज हाच आहे. वजन उतरण्याचा फायदा त्यावर वेगळा.

घरचे म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. आतडं कापतात, पण पुन्हा जोडतात, काढून टाकत नाहीत. स्लीव्हमध्ये मात्र जठराचा मोठा तुकडा ट्रेमध्ये बाहेर येतो आणि तो कधीच परत बसवता येत नाही. घरी हे नक्की सांगा. ‘लहान ऑपरेशन’ हा शब्द ऐकून लोकांना उलटंच वाटतं.

एक खाचखळगा इथे आहे, आणि तुमच्यासारखीसाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा. आपल्याकडे ‘बायपास’ या एका शब्दात दोन वेगळी ऑपरेशनं येतात. दुसऱ्याला मिनी बायपास किंवा वन अॅनास्टोमोसिस बायपास म्हणतात, कागदावर एमजीबी किंवा ओएजीबी लिहितात. त्यात जठराची पिशवी लांबट असते आणि आतड्याचा एकच जोड असतो. वेळ कमी लागतो, वजन आणि शुगर दोन्हीसाठी चांगलं आहे, मी स्वतः करतो. पण त्यात पित्त वाहून नेणारं आतडं थेट पिशवीच्या तोंडापाशी जोडलेलं असतं, म्हणून काहींच्या पिशवीत आणि पुढे अन्ननलिकेत पित्त उलटतं. पॅन्टोप्रॅझोल आम्लावर चालतं, पित्तावर नाही. ज्या बाईची झडप आधीच ढिली आहे, तिला हे ऑपरेशन मी देणार नाही. तेव्हा सुरतच्या सर्जनना एकच प्रश्न विचारा: कोणता बायपास? उत्तर ‘रू-एन-वाय’ असेल तर पुढे बोलणं सुरू ठेवा, आणि संमतीपत्रावर तेच नाव आहे हे सही करण्याआधी वाचा.

पण या सगळ्याआधी दुर्बीण. तीही जरा विचार करून. तुम्ही रोज पॅन्टोप्रॅझोल घेता. ही गोळी जखमा भरून आणते. त्यामुळे गोळी चालू असताना दुर्बीण केली तर अन्ननलिका स्वच्छ दिसू शकते, आणि ‘सगळं नॉर्मल आहे, बिनधास्त स्लीव्ह करा’ असा सल्ला मिळतो. शक्य असेल तर दोन ते चार आठवडे गोळी थांबवून तपासणी करतात. हे मनानं करू नका, दुर्बीण करणाऱ्या डॉक्टरांना विचारून करा. मधल्या काळात पातळ अँटासिड घेता येतं. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच किंवा घास अडकणं यातलं काही असेल तर गोळी थांबवायचीच नाही आणि वाटही बघायची नाही, लगेच दाखवायचं.

रिपोर्ट हातात आला की काय वाचायचं ते सांगतो. अन्ननलिकेच्या जखमांना ए, बी, सी, डी अशा चार पायऱ्या असतात. ए म्हणजे अगदी छोटे ओरखडे, तेवढ्यावरून रिफ्लक्स पक्का म्हणत नाहीत. बी आणि त्यापुढे तो पक्का. सी किंवा डी असेल, किंवा ‘बॅरेट’ असं लिहिलेलं असेल आणि तुकड्याच्या तपासणीत ते खरं निघालं असेल, तर माझ्यासाठी स्लीव्हचा विषय तिथेच संपतो. बॅरेट म्हणजे सततच्या आम्लानं अन्ननलिकेच्या आतल्या अस्तराची जात बदललेली असते, आणि अशा अस्तरात पुढे कर्करोगाचा धोका थोडा वाढतो. तिथे वरचा दाब वाढवणारं ऑपरेशन करणं म्हणजे गवताच्या गंजीजवळ शेकोटी लावणं.

त्यानंतर हर्नियाचा आकार, सेंटिमीटरमध्ये. लठ्ठपणात हायेटस हर्निया बऱ्याचदा सापडतो. लहान असेल तर ऑपरेशनच्या वेळी शिवून घेतात, पण स्लीव्हसोबत शिवलेला पडदा पुन्हा सैल होण्याची भीती राहते, म्हणून मोठा हर्निया दिसला की कौल बायपासकडे जातो. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची चाचणीही त्याच वेळी करून घ्या. रिपोर्टमध्ये तिला आरयूटी म्हणतात. जंतू असेल तर ऑपरेशनआधीच औषधांनी घालवायचा, कारण बायपासनंतर मागे राहिलेल्या जठरात नेहमीची दुर्बीण पोचत नाही.

आपल्याकडच्या रिपोर्टमध्ये ‘लॅक्स एलईएस’ हे दोन शब्द हमखास असतात, म्हणजे झडप सैल. ते बघून ना घाबरायचं, ना निर्णय घ्यायचा. मी तर म्हणतो, काही ठिकाणी हे शब्द कागदावर छापूनच येत असावेत.

समजा गोळी थांबवूनही अन्ननलिका स्वच्छ निघाली. तुमच्या रात्रीच्या त्रासावरून मला तसं वाटत नाही, पण समजा. मग २४ तासांची पीएच तपासणी करावी. नाकातून बारीक तार अन्ननलिकेत ठेवतात आणि दिवसभरात किती वेळ आम्ल वर येतं ते मोजतात. ६ टक्क्यांहून जास्त वेळ असेल तर रिफ्लक्स नक्की, ४ टक्क्यांहून कमी असेल तर जळजळीचं कारण दुसरं शोधायचं. ही सोय आपल्याकडे सगळीकडे नाही, नाशिक किंवा पुण्याला जावं लागू शकतं. त्याच वेळी मॅनोमेट्री करून अन्ननलिकेची ताकद मोजून घ्यावी. पीएच तपासणीत आम्ल कमी निघालं, हर्निया नसला, तर स्लीव्ह हा तुमच्यासाठी वाईट पर्याय उरत नाही, आणि नाशिकच्या सर्जनशी मी वाद घालणार नाही.

आता बायपासची किंमत. पैशांची नाही, सवयींची.

पिशवी आणि आतडं जिथे जोडतात त्या जोडावर अल्सर होऊ शकतो. त्याला खतपाणी घालणाऱ्या दोन गोष्टी म्हणजे धूम्रपान आणि दुखण्याच्या गोळ्या. सिगारेट-विडीचा दोष पक्का सिद्ध झालेला आहे. मशेरी ओढत नाहीत, पण निकोटीन तिच्यातही असतं, म्हणून मी माझ्या पेशंटना ऑपरेशनच्या निदान सहा आठवडे आधी ती बंद करायला लावतो आणि नंतरही लावू देत नाही. सकाळी मशेरीशिवाय पोट साफ होत नाही, अशी तक्रार आपल्या बायका हमखास करतात. त्यासाठी इसबगोल घ्या, मला चालेल.

दुखण्याच्या गोळ्या जास्त अवघड, कारण त्या नकळत पोटात जातात. उद्या गोळी आणाल तेव्हा पट्टीच्या मागचं बारीक अक्षर वाचा, किंवा मुलाला वाचायला सांगा. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यातलं नाव असेल तर ती गोळी बायपासनंतर तुमच्यासाठी बंद. बरेचदा ‘पॅरासिटामॉलचीच आहे’ म्हणून देतात, आणि पट्टीवर पॅरासिटामॉलच्या शेजारी एसिक्लोफेनॅक बसलेलं असतं. नुसतं पॅरासिटामॉल चालतं. गुडघ्यांचं म्हणाल तर ३० किलो उतरल्यावर ते आपोआप गप्प होतात असं मी बऱ्याच जणांत पाहिलंय, पण ऑपरेशनआधी एकदा हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. दुखणं आमवाताचं असेल आणि या गोळ्या जन्मभर लागणार असतील, तर माझं वर दिलेलं मत बदलेल. तेव्हा हर्निया शिवून स्लीव्ह करायचं आणि जळजळीची गोळी चालू ठेवायची, की आणखी काही, हे तुमच्या सर्जननी आणि हाडांच्या डॉक्टरांनी एकत्र बसून ठरवावं.

जोडावरचा अल्सर ओळखायचा कसा, हेही सांगून ठेवतो, कारण लोक त्यालाच ‘पुन्हा पित्त झालं’ म्हणतात. रिफ्लक्सची आग छातीच्या हाडामागे असते, घशाकडे चढते, आडवं झाल्यावर वाढते. अल्सरचं दुखणं बेंबीच्या वर, पोटाच्या खळग्यात असतं, जेवताना किंवा जेवल्यावर टोचतं, कधी पाठीपर्यंत जातं. शौच काळी होणं हे धोक्याचं. तुम्ही लोहाच्या गोळ्या घेत असाल, त्यानंही शौच काळपट होते, पण ती घट्ट आणि हिरवट झाक असलेली. अल्सरच्या रक्तानं होणारी डांबरासारखी चिकट असते आणि तिला उग्र वास येतो. शंका आली तर दुर्बीण, अंदाज नको.

लोह, बी-१२, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यावं लागेल. स्लीव्हनंतरही घेतात, पण बायपासमध्ये अन्न आतड्याचा पहिला भाग टाळून पुढे जातं, आणि लोह-कॅल्शियम मुख्यतः तिथेच शोषलं जातं. पाळी चालू असलेल्या बाईचं हिमोग्लोबिन त्यामुळे बरेचदा घसरतं. कॅल्शियम ‘सायट्रेट’ घ्या, कार्बोनेट नको, कार्बोनेटला विरघळायला आम्ल लागतं आणि ते आता वरच्या पिशवीत नसतं. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेऊ नका, दोन तास मधे ठेवा. पहिल्या वर्षी तीन, सहा आणि बारा महिन्यांनी रक्त तपासायचं, नंतर दरवर्षी. दरवर्षी तालुक्याच्या गावी जाऊन रक्त द्यायला घरात कुणी सोबत येणार आहे का, हे आजच ठरवा.

गोडाचंही सांगतो. बायपासनंतर आमरस-मांडे पोटभर खाल्ले तर साखर एकदम आतड्यात उतरते. पंधरा-वीस मिनिटांत घाम, धडधड, पोटात मुरडा, जुलाब. काहींना दोन तासांनी उलट साखर कमी होऊन थरथर सुटते. याला डम्पिंग म्हणतात. शुगरच्या माणसाला ही एका परीनं चपराकच आहे. शुगरच्या गोळ्यांचा डोस मात्र ऑपरेशननंतर पहिल्या दिवसापासून कमी करावा लागतो, आधीचाच डोस चालू ठेवू नका. ठेचा आणि भरीत यांना मी बंदी घालत नाही. आपल्या भागात सगळा दोष मिरचीला देतात, पण रात्री दहाला तेलातली शेवभाजी आणि लगेच आडवं होणं, याचा वाटा जास्त असतो.

एक धोका क्वचितचा, पण खेड्यात राहणाऱ्यांनी माहीत करून घ्यावाच असा. आतड्याची जागा बदलल्यामुळे आत काही फटी राहतात. ऑपरेशनच्या वेळी त्या शिवतात, पण वजन उतरून आतली चरबी वितळली की वर्ष-दोन वर्षांनी त्या पुन्हा उघडू शकतात आणि आतडं त्यात अडकतं. बेंबीभोवती जोराची कळ येते, कधी येते-जाते, सोनोग्राफीत काहीच दिसत नाही, आणि गॅस म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवतात. बायपास झालेल्या माणसाच्या पोटात अशी कळ आली तर सीटी स्कॅन आणि बायपास करणारा सर्जन, तेही त्याच दिवशी. ऑपरेशनचं नाव, तारीख आणि सर्जनचा फोन लिहिलेला कागद पाकिटात ठेवा. रात्री दोनला गाडी करून निघावं लागलं, तर तो कागदच तुमच्या वतीनं बोलेल.

नाशिकच्या सर्जननी स्लीव्हला लहान म्हटलं त्यात तथ्य आहे. वेळ कमी लागतो, आतड्याला हात लावत नाहीत, वर सांगितलेली फटींची भानगड नाही. ‘आता स्लीव्ह करू, त्रास झाला तर पुढे बायपास करू’ असंही तुम्हाला सुचवलं जाईल. जळजळ नसलेल्या माणसाला हे गणित चालतं. तुमच्या बाबतीत पुढचा त्रास आजच दारात उभा आहे, आणि दुसऱ्या ऑपरेशनला पहिल्याहून जास्त धोका असतो, चिकटलेल्या आणि व्रण पडलेल्या जागेत काम करावं लागतं.

तेव्हा क्रम असा ठेवा. या आठवड्यात गोळीची पट्टी वाचा आणि मशेरीचा डबा घराबाहेर काढा. मग दुर्बीण, डॉक्टरांना विचारून गोळी थांबवून. रिपोर्ट घेऊन दोन्ही सर्जनकडे पुन्हा जा आणि ‘हे बघून तुमचं मत तेच आहे का’ असं विचारा. अन्ननलिकेचा फोटो समोर असताना दोघांची मतं बरीच जवळ येतात असा माझा अनुभव आहे.

आणि बायपास झालाच, तर पॅन्टोप्रॅझोल लगेच फेकू नका. जोड भरून यावा म्हणून ती साधारण तीन महिने चालू ठेवतात, मग सर्जन हळूहळू बंद करतात. बंद केल्यावर एका उशीवर झोपून बघा. तिथेही आंबट पाणी वर आलं, तर वजन कितीही उतरलेलं असो, पुन्हा दुर्बीण करून घ्या.